आधी कोणाचं दळलं?

"आधी कोणाचं दळलं?"

आमच्या पिठाच्या गिरणीच्या दारात हा प्रश्न मी एवढ्या वेळा ऐकलाय की अजूनही कुठं गिरणीचा पट्टा फिरताना दिसला की कान टवकारतात. विचारणारी बाई डोक्यावरची टोपली खाली उतरवत नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहते, हलत्या दगडाकडं बघते आणि विचारते. तिला धान्य विचारायचं नसतं. जात विचारायची असते. पण गिरणीत ती सरळ विचारता येत नाही, म्हणून अशी विचारायची.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथं अजून आपली माणसं राहतात. वसमतपासून आठ-नऊ किलोमीटर, मधे एक ओढा, एवढं पुरे. तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा झाला 1999 साली.

माझा बा मुंबईला कापड गिरणीत होता, सूतखात्यात. साचाखात्यात म्हणजे विणकामात नव्हता. त्याच्या आधीच्या पिढीला तिथं पायच ठेवू देत नव्हते. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून काढायचा, अशी त्या कामाची रीत होती. म्हाराच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? म्हणून पगार जास्त ते विणकाम त्यांचं आणि सूतखातं आमचं. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी ह्याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. संप सगळ्यांचा असेल तर विणकामाचं दार आमच्यासाठी का बंद, असा तो सवाल होता. बा मुंबईला गेला 1960 साली. तोवर उघड बंदी राहिली नव्हती. पण भरती ओळखीनं व्हायची, आणि ओळख जिथली तिथंच असते. बा म्हणायचा, "मुंबईत जात तोंडात व्हती. गावात ती पिठात निघाली."

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. बा वर्षभर तग धरून राहिला. मग 1983 च्या उन्हाळ्याआधी वळकटी घेऊन गावी आला. तो येतो म्हणाला तेव्हा माय घाबरली होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव 27 जुलै 1978 ला झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, त्याला पाचच वर्षं झाली होती. आमची वस्ती जळाली नाही. पण त्या दिवसांत आम्ही आठ रात्री ज्वारीच्या फडात काढल्या होत्या. माय म्हणाली, "हितं काय ठिवलंय? पुन्हा त्येंच्या रानात जाचाल?" बा म्हणाला, "कुणाच्या रानात जात नसतो. गिरणीतून आलाव, गिरणीच घालतो."

मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होतो. खांद्यावर झोळी, तोंडात क्रांती. मला पिठाची गिरणी ही फारच बारकी गोष्ट वाटली. तसं मी बाला म्हणालोही. त्यानं उत्तर दिलं नाही.

फंडाचे पैसे आणि मायच्या चांदीच्या वाळ्या ह्यांतून दहा हॉर्सपॉवरचं जुनं डिझेल इंजिन घेतलं. आधी ते एका विहिरीवर पाणी उपसायचं. गिरणीचा सांगाडाही जुनाच. दगड तेवढे नवे घेतले, सोळा इंची जोडी. एक दगड थांबता, एक फिरता. दोन्हीतलं अंतर कमीजास्त करायला बाजूला हाताचं चाक. वर धान्य ओतायचं चाडं, खाली पीठ पडायचं तोंड. वस्तीच्या कडेला, गावाकडनं येणाऱ्या वाटेवर पत्र्याचं शेड टाकलं. जागा बानं मुद्दाम तिथंच धरली. गावातल्या बाईला वस्तीत पाय न घालता येता यावं, आणि वस्तीतल्या बाईला गावात न जाता यावं.

इंजिनाच्या धुराड्यावर एक पत्र्याचा डबा उलटा लटकवलेला असतो. धूर त्याला उचलतो आणि तो खाली पडतो. त्यातनं पुक-पुक असा आवाज येतो, तो मैलभर जातो. गिरणी चालू झाली हे सांगायला दवंडी लागत नाही. पहिल्या दिवशी तो आवाज गावावर गेला तेव्हा बाच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मला पुढं कुठल्या मोर्चात दिसलं नाही.

मात्र इंजिनाला पाणी लागतं हा विचार कुणी केलाच नव्हता. शेजारी दोनशे लिटरची दोन पिंपं, त्यातलं पाणी इंजिनाभोवती फिरून येतं आणि त्याला गार ठेवतं. पिंपातलं पाणी तापून उडतं, ते रोज भरावं लागतं. वस्तीला पाणी कुठलं? ओढ्यातला झरा. मे महिन्यात एक घागर भरायला अर्धा तास. गावाची विहीर शंभर पावलांवर, पण तिच्यावर आमचा हात नव्हता. माय रोज आधी इंजिनाची तहान भागवायची, मग आमची. "मपल्या घरात एक पाटील आणून बसीवलाय," ती म्हणायची, "त्याला आधी पाणी."

आता हिशोब सांगतो. पैशात सांगत नाही, पैशाचा भाव बदलतो. किलोत सांगतो.

भार असला की ते इंजिन तासाला पावणेदोन-दोन लिटर डिझेल प्यायचं. तासात सत्तर-पंच्याहत्तर किलो ज्वारी दळून निघायची. एका तासाच्या तेलाची किंमत फिटायला साधारण 30 किलो दळण लागायचं. त्यावरचं जे दळण, त्यातनं ग्रीस, पट्टा, दगडाची झीज आणि मग आमचं पोट. वस्तीत अडतीस घरं. सगळ्यांनी दळण आणलं असतं तर गिरणी पळाली असती. पण वस्तीतली बाई पैसे नसले की घरच्या जात्यावर दळायची, आणि पैसे बहुतेक नसायचेच. म्हणून दिवसाला 40-45 किलो यायचं. म्हणजे तेल फिटून आमच्या हातात पंचवीसेक किलोची दळणावळ उरली. त्यात पाच माणसं.

इंजिन असं असतं की नुसतं फिरलं तरी तेल पितं. दोन डब्यांसाठी ते चालू केलं की त्या दिवसाचा तोटा ठरलेला. म्हणून बा दिवसभर डबे जमा करायचा आणि चार वाजता एकदाच चालू करायचा. गावात दीडशे घरं होती. त्यांचं निम्मं दळण जरी आलं असतं तरी इंजिन सलग दोन-अडीच तास चाललं असतं आणि आमच्याकडं शंभर किलोच्या वर दळणावळ उरली असती. गिरणी चालणं आणि न चालणं ह्यात अंतर एवढंच होतं, आणि ते गावाच्या हातात होतं. कुणी आम्हाला मारलं नाही. शिवी दिली नाही. गाव फक्त आलं नाही. बैलगाडीत डबे घालून दर आठवड्याला वसमतला दळायला जात राहिलं. जाताना गाडी आमच्या शेडावरनंच जायची. पुक-पुक ऐकत.

कार्यकर्त्याला मारझोड दिसते, तिची फिर्याद देता येते. न येण्याची फिर्याद कुठल्या ठाण्यात द्यायची?

त्यातच आमचंही चुकत होतं. पहिल्या महिन्यात पीठ गरम यायचं. वस्तीतल्या बाया म्हणायला लागल्या, भाकर थापताना कडंनी चिरते. आम्हाला वाटलं जुन्या ज्वारीचा दोष. मग एक दिवस टकारी वाटेनं चालला होता. जात्याला टाकी लावायचा ज्यांचा पिढीजात धंदा ते हे लोक. पण घरोघरची जाती बंद पडत चाललेली, त्याची हाळी कुणी ऐकत नव्हतं. तो सहज शेडात आला, खाली पडणारं पीठ मुठीत धरलं आणि म्हणाला, "दगड कापीत न्हाई, घासतोय. बोथाटलाय."

त्यानं बाला जे शिकवलं ते मी शेजारी बसून शिकलो. दगडाच्या डोळ्यापासून, म्हणजे जिथं धान्य पडतं तिथपासून, कडेपर्यंत खाचा असतात. डोळ्यापाशी खोल, कडेला येता येता उथळ, आणि अगदी कडेची बोट-दीड बोट पट्टी जवळजवळ सपाट. धान्य डोळ्यापाशी फुटतं, खाचेतनं बाहेर सरकता सरकता बारीक होतं आणि कडेच्या पट्टीत त्याचं पीठ होतं. दळता दळता खाचांच्या धारा झिजतात. मग दगड धान्य कापण्याऐवजी रगडतो, रगडलं की तापतो, आणि तापलेल्या पिठाची भाकर धड होत नाही. ओळखायचं कसं? पीठ हाताला कोमट लागलं तर चालेल. मूठ उघडावी असं वाटलं तर दगड उघडायची वेळ झाली. आमच्या गिरणीला आठ-दहा दिवसांनी टाकी लागायची. वरचा दगड उलथायचा, छन्नी-हातोडी घेऊन बसायचं, टक-टक-टक. डोळ्यांत कच जाते म्हणून बा मुंबईतला जुना चष्मा लावून बसायचा.

टाकी लावल्यावर पहिलं दोन-तीन किलो वाईट धान्य दळून टाकून द्यायचं, नाहीतर पिठात दगडाची कचकच येते. आणि चाडं रिकामं व्हायच्या आत चाक फिरवून दगड उचलायचा. मधे धान्य नसलं की दगड दगडाला लागतो, ठिणगी उडते, जळका वास सुटतो. तो वास मी एकदा येऊ दिला होता. बानं तेव्हा जो कानाखाली लगावला तो आयुष्यातला शेवटचा.

टकाऱ्यानं मजुरी घेतली नाही. पाच किलो ज्वारी दळून घेतली. पुढं गिरणी चालली ती त्याच्या हातावर. पीठ गार यायला लागलं आणि भाकर चिरायची थांबली.

मग पाऊस लागला.

मराठवाड्यातल्या काळ्या मातीतनं जुलैत बैलगाडी काढून बघितलीय कुणी? चाक तुंब्यापर्यंत बसतं. ओढ्याला पाणी आलं की वसमत आठ किलोमीटर राहत नाही, पलीकडचा मुलूख होतो. गावानं हुशारी केली होती. पावसाच्या आधी पंधरा-पंधरा दिवसांचं दळण आणून ठेवलं. गव्हाचं पीठ तसं राहतं. ज्वारीचं राहत नाही. गव्हाच्या पिठाला अंगचा चिकटपणा असतो, ज्वारीला तो नाही. ताजं असतं तोवरच ते पाण्यात मळून एकजीव होतं, आठवडा गेला, त्यात पावसाळी दमट हवा, की पिठाची विरी जाते. मग कितीही गरम पाणी घाला, काठवटीत थापताना भाकर फाटते, तव्यावर टाकताना हातात तुकडे येतात. विरी गेलेल्या पिठाला इलाज नाही, आंबील करा नाहीतर गुरांना घाला. ही गोष्ट मला पुस्तकात भेटली नव्हती. मायला ठाऊक होती. ती जूनमधेच म्हणाली होती, "येतील. त्येंचं पीठ त्येंना आणीन."

पहिल्यांदा आली ती एक म्हातारी, भावकीनं वाटणी नाकारलेली, नातवाला सांभाळून राहणारी. रिपरिप पावसात डोक्यावर पोतं पांघरून, काखेत टोपली. दारात थांबली. "आधी कोणाचं दळलं?"

बानं खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं. गावातलं एखादं नाव घेतलं असतं तर ती खुशीनं आत आली असती. मला वाटतं त्या क्षणी आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होतो. तो म्हणाला, "मपल्या बहिणीचं. म्हारणीचं. तिची मूठभर राहिली असंल दगडात, ती तुपल्यात येईन. चालतंय का बघ."

गोष्ट खरीच होती. गिरणी झाडून रिकामी होत नाही. दगडाच्या खाचांत आणि भोवतीच्या पत्र्याच्या खोळीत अर्धा-पाऊण किलो पीठ राहतंच. ते पुढच्या माणसाच्या पिठात जातं, त्याचं त्याच्या पुढच्याच्या. म्हातारी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "चार रोज झाले, पोराच्या ताटात भाकर न्हाई, चुरा वाढायलेय. टाक."

तिच्या मागं आठवडाभरात अजून सात-आठ घरं आली, बहुतेक दिवेलागणीला. मग एका संध्याकाळी गावातले तिघं जण आले. चांगलं बोलले. खाटेवर बसले, पाणी मात्र प्याले नाहीत. म्हणणं असं: तुमची गिरणी चालावी असं आम्हालाही वाटतं. सकाळी आमचं दळा, सांजच्याला तुमचं. सकाळी आधी दगड धुऊन घेत जा. सगळं गाव येईल.

बा म्हणाला, "दगड धुतला की पिठाचा चिखल होतो. खाचा बुजतात. मग तुमचंबी निघणार न्हाई आन् आमचंबी."

"मग काय करतूस?"

"बघतो."

ह्या 'बघतो'वर आमच्या घरात रात्रभर भांडण झालं. मी म्हणालो, गिरणी बंद पडली तरी चालेल, पण दोन पाळ्या नाहीत. बा म्हणाला, बंद पडली तर तू नांदेडहून मनिऑर्डर करशील काय? दोघांचंही खरं होतं, आणि दोघंही ओरडत होतो.

तुम्हाला हे जुन्या काळातलं वाटत असेल तर एक सांगून ठेवतो. 2016 च्या ऑक्टोबरात उत्तराखंडातल्या बागेश्वर जिल्ह्यात एक दलित माणूस पिठाच्या चक्कीवर दळायला गेला. चक्की बाटवली म्हणून एका सवर्ण शाळामास्तरानं विळ्यानं त्याचा गळा कापला. मी ती बातमी वाचली तेव्हा बाचं ते 'बघतो' आठवलं. काय काय होऊ शकतं हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं.

सकाळी बानं तोड काढली. मला ती फार हुशार वाटली. पाळी माणसाची नाही, धान्याची. आधी गहू, मग ज्वारी, बाजरी, शेवटी हरभरा. हे गिरणीच्या धर्माला धरून होतं. ज्वारीवर गहू दळला तर पोळीला काळपट छटा येते आणि ती लाटताना तुटते, गव्हावर ज्वारी दळली तर कुणाला कळतही नाही. हरभऱ्याचा वास मागं राहतो म्हणून तो शेवटी. त्यात जातीचा संबंध नाही. बानं शेडाच्या पत्र्यावर खडूनं लिहून टाकलं. गावानं वाचलं आणि मान डोलावली. दळण वाढलं. इंजिन दोन तास चालायला लागलं. आम्ही बापलेक आठ दिवस खूश होतो.

मायनं नवव्या दिवशी पिंपात घागर रिकामी करता करता विचारलं, "गहू कुणाच्या घरी असतोय?"

कुणी बोललं नाही. गहू कालव्याच्या पाण्यावरच्या रानात व्हायचा. सिद्धेश्वर धरणाचा कालवा ज्यांच्या बांधाला लागलेला त्यांच्या रानात. वस्तीत गहू सणाला, तोही पसाभर. म्हणजे रोज चार वाजता कोऱ्या दगडावर गावाचं दळण पडत होतं आणि वस्तीचं त्याच्या मागनं. त्या तिघांनी जे मागितलं होतं तेच आम्ही त्यांना देऊन बसलो होतो, वर खडूनं लिहून. मी नामांतरावर दोन-दोन तास बोलायचो, मला ते दिसलं नव्हतं. अंगठेबहाद्दर बाईला दिसलं.

बानं फडकं घेतलं आणि पत्र्यावरचं पुसलं. नवी रीत बसवली. जो आधी येईल त्याच्या डब्यावर खडूनं एक आकडा, मागनं येईल त्याच्या डब्यावर दोन. त्याच क्रमानं भिंतीवर नाव. नाव अशासाठी की कुणाला विचारायची गरज पडू नये. आधी कोणाचं, ते भिंतीवर वाचून घ्या. आणि ज्याला आधीच्याचं पीठ नको असेल त्यानं आपल्या धान्यातली पहिली मूठ, खरं म्हणजे अर्धा किलो, वेगळी दळून घ्यायची. ती मूठ दगडात राहिलेलं घेऊन बाहेर पडते. ती वेगळ्या फडक्यात बांधून त्यालाच परत. आम्ही ठेवायची नाही, नाहीतर गिरणीवाला पीठ मारतो ही बोंब ठरलेलीच. ती घरी नेऊन गाईला घाला नाहीतर स्वतः खा. ज्याला जात पाळायची त्यानं ती आपल्या अर्ध्या किलोवर पाळावी.

तीन-चार घरांनी येणं बंद केलं. एका घरानं तर शेवटपर्यंत पाय ठेवला नाही, पावसाळाभर घरच्या जात्यावर सुना दळत राहिल्या. बाकीची येत राहिली. पहिल्या महिन्यात गावातल्या जवळजवळ सगळ्या बाया मूठ वेगळी काढून घ्यायच्या. दिवाळीपर्यंत निम्म्या राहिल्या. ह्यात मतपरिवर्तन वगैरे काही नाही. घाईच्या वेळी अर्धा किलो वेगळं दळून घेत उभं राहायचा कंटाळा येतो, एवढंच. पण वस्तीतल्या एक-दोन जणींनीही गावातल्या दळणानंतर आपली मूठ वेगळी मागायला सुरुवात केली. बानं काही न विचारता काढून दिली. गावात त्यावर बरंच बोलणं झालं म्हणे.

गिरणी पुढं बरीच वर्षं चालली. वीज आली, इंजिन जाऊन मोटार आली, पुक-पुक बंद झालं. बा गेल्यावर धाकट्या भावानं चालवली. आता घरोघर घरघंट्या झाल्या. शेड आहे, दगड भिंतीला टेकून उभे आहेत. पण मला जे सांगायचं आहे ते 1984 च्या एप्रिलातलं आहे. चूक माझी होती.

वसमतची हळद सगळ्यांना ठाऊक आहे. फाल्गुन-चैत्रात कढया लागतात, कंद उकडतात, वाळवतात, घासतात. त्या कामाला वस्तीतल्या बाया जायच्या. हंगाम संपताना मजुरीबरोबर तुटकी-फुटकी हळकुंडं मिळायची. माझ्या आत्यानं अशी दोनेक किलो जमवली होती. बा हळद कधीच घ्यायचा नाही. "दगड एकदा पिवळा झाला की आठवडा सुटत न्हाई," म्हणायचा. त्या दिवशी तो डिझेल आणायला वसमतला गेला होता आणि सुटीत आलेला मी गिरणीवर होतो. आत्या म्हणाली, "दे की रं बाबा, उखळात कुटून आणलीय, बारीकच करायचीय." आत्याला नाही कसं म्हणायचं? टाकली. सुरेख दळली. वास काय सुटला! मग शहाणपणानं मूठभर ज्वारी दळून दगड साफ केला आणि भिंतीवर लिहिलेल्या क्रमानं एक-एक डबा ओतत गेलो. वस्तीतलं एक, गावातली तीन, वस्तीतलं एक, पुन्हा गावातली चार. कंदिलाच्या उजेडात पिठाचा रंग कुठं दिसतोय?

सकाळी बा दात घासत होता तेव्हा ती पहिली म्हातारी आली. मागं गावातल्या चार-पाच बाया, त्यांच्या मागं आमच्या वस्तीतल्या दोघी. प्रत्येकीच्या हातात भाकर. म्हातारीची चांगली पिवळीजर्द, तिच्या मागचीची थोडी फिकी, त्याच्या मागची अजून फिकी, शेवटच्या बाईची नुसती लिंबाच्या सालीसारखी छटा. उंबऱ्यापाशी त्या रंगाप्रमाणं ओळीनं उभ्या राहिल्यासारख्याच दिसत होत्या.

बानं भाकरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी भिंतीकडं बघायला लागलो.

म्हातारीनं भाकर वर धरली. "ही कुणाच्या घरची हळद खाल्ली रं आमी?"

मायनं घागर खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि भिंतीवरच्या पहिल्या नावावर बोट ठेवलं.